‘प्रतिसाद मिळाला नाही’ हे खरंच होतं

मंगळवारी सकाळी सव्वासातला पहिल्या शिफ्टच्या टेक्निशियनचा फोन आला. “मॅडम, आजचा पेपर बघितलात का? पेशंट विचारतायत, सेंटर बंद होणार का म्हणून.”

मी बघितला नव्हता. आमच्याकडे दुसरा पेपर येतो. चपला घालून नाक्यावर गेले तर पेपरवाल्याने मी काही बोलायच्या आत तोच अंक पुढे केला. “पान दोन, ताई.” ठाणे पुरवणीचं दुसरं पान, तीन कॉलम, वर आमच्या बोर्डाचा फोटो आणि मथळा : ‘ट्रस्टच्या तिजोरीत साडेतीन कोटी, रुग्ण मात्र रांगेत’.

नौपाड्यात आमच्या ट्रस्टचं डायलिसिस सेंटर आहे. नऊ मशीन, दोन शिफ्ट, एका वेळचे ६५० रुपये. ज्यांना तेही जमत नाहीत त्यांच्याकडून घेत नाही. आम्हाला स्वतःला एक डायलिसिस दोन हजारांच्या आसपास पडतं, मधला फरक देणग्या आणि ठेवींचं व्याज यांतून भरतो. मी इथली कार्यवाह, बिनपगारी. त्याआधी तीस वर्षं विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम केलं. ही माहिती आत्मस्तुतीसाठी देत नाही. पुढे जे केलं ते त्या जुन्या खोडीतून केलं, म्हणून सांगते.

आधी सेंटरवर गेले. डायलिसिसच्या माणसाला आठवड्यातून दोनदा-तीनदा चार-चार तास मशीनला लावून घ्यावं लागतं. त्याच्यासाठी ‘सेंटर बंद’ ही बातमी म्हणजे काय असते ते त्या खोलीत उभं राहिल्यावर कळतं. दिव्याहून येणारे एक काका हाताला सुया लावलेल्या अवस्थेत म्हणाले, “पुढच्या आठवड्याचं काय ते आत्ताच सांगा, म्हणजे कळव्याला बघायला लागेल.” मी कागद घेऊन स्केचपेनने लिहिलं : ‘सेंटर नेहमीप्रमाणे चालू राहील. दरात बदल नाही. तुमची वेळ तीच.’ तो वजनकाट्याच्या वर चिकटवला, कारण मशीनवर जाण्याआधी प्रत्येक जण तिथे उभा राहतोच. त्या दिवशीचं सगळ्यात तातडीचं उत्तर हेच होतं आणि ते वर्तमानपत्राला नव्हतं.

संध्याकाळी दुसरी शिफ्ट सुटल्यावर रिसेप्शनमध्येच बैठक बसली. सातपैकी सहा विश्वस्त आले, एरवी कोरमला चार जमवताना नाकी नऊ येतात. आमच्यातले एक वकील आहेत. त्यांनी मसुदा लिहूनच आणला होता. पहिलंच वाक्य : ‘आपल्या प्रतिनिधीने खोडसाळपणे व हेतुपुरस्सर प्रसिद्ध केलेले बिनबुडाचे वृत्त...’ पुढे अब्रुनुकसानी, पंधरा दिवसांत जाहीर माफी, अन्यथा. अध्यक्षांना तो आवडला. खजिनदार गप्प होते. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आकडा चुकीचा छापला म्हणून त्यांना खरोखर त्रास झाला होता, रागापेक्षा जास्त.

मी विचारलं, “यात नेमकं खोटं काय आहे?”

“सगळंच,” अध्यक्ष म्हणाले.

विमा कंपनीत ‘सगळंच’ हे उत्तर चालत नसे. मी एक रात्र मागून घेतली.

घरी बातमीचं कात्रण फुलस्केप कागदावर डकवलं आणि वाक्यांना आकडे घातले. एकतीस वाक्यं भरली. मग प्रत्येकापुढे एकच शेरा : खरं, चूक, मत, किंवा माहीत नाही. ‘चूक’ लिहायचं तर शेजारी कागद कुठला दाखवणार तेही लिहायचं, नाहीतर ते ‘माहीत नाही’मध्ये टाकायचं. रात्री साडेअकरापर्यंत हिशेब असा झाला : खरी चौदा, मतं नऊ, माहीत नाही तीन, चूक पाच. त्या पाचांतही दोन वाक्यं एकाच आकड्याबद्दलची होती आणि दोन आस्थापना खर्चाबद्दलची. म्हणजे मुळात चुका तीन.

एकतिसात तीन. मसुद्यात ‘बिनबुडाचे’ लिहिणं आता जड जायला लागलं.

प्रतीक्षा यादीत सत्तावीस जण : खरं. तिसरी शिफ्ट बंद : खरं, दोन टेक्निशियन सोडून गेल्यापासून भरती झाली नव्हती. एका बाईंना फोनवर ‘जागा नाही, नंतर करा’ एवढंच सांगून ठेवून दिला : हे अध्यक्षांच्या मते अशक्य होतं, पण दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारल्यावर ती रडायला लागली, म्हणजे खरं. ‘ट्रस्टने रुग्णांकडे पाठ फिरवली आहे’ : मत. झोंबणारं मत, पण त्याला कागद दाखवून उत्तर देता येत नाही. ते बोलायचा त्यांना हक्क आहे आणि ‘आम्ही पाठ फिरवलेली नाही’ असं उलट लिहून वाचकाला काहीच नवं कळत नाही.

एक वाक्य होतं : ‘एक मशीन गेल्या वर्षी आठ महिने बंद होते.’ हे मी आधी ‘चूक’मध्ये घातलं होतं. सर्व्हिसची वही काढली तर ते मशीन बंद होतं ११ जून ते २९ नोव्हेंबर, म्हणजे साडेपाच महिने. आकडा चुकलाय, दाखवायला वहीही आहे. तरी मी ते खोडलं. ‘आठ नव्हे, साडेपाच महिने बंद होते’ असा खुलासा छापून आला असता तर वाचणाऱ्याने कपाळाला हात लावला असता, आणि बरोबरच लावला असता.

आता ते वाक्य, ज्याने आमचं सगळं वळण बदललं. शेवटून दुसरं : ‘याबाबत ट्रस्टशी संपर्क साधला असता प्रतिसाद मिळाला नाही.’ बैठकीत सगळ्यात जास्त आरडाओरडा यावर झाला होता. कोणालाच फोन आला नव्हता. वकीलसाहेबांचं म्हणणं, नोटिशीचा पाया हाच, की दुसरी बाजू विचारलीच नाही. मलाही तसंच वाटत होतं. पण ‘चूक’ लिहायचं तर कागद हवा, आणि ‘संपर्क झाला नाही’ याचा कागद कसा आणणार? म्हणून लेटरहेडवर छापलेला ईमेल आयडी उघडायला गेले. पासवर्ड ऑफिसच्या क्लार्ककडे, आणि तो लग्नासाठी दहा दिवस गावी. त्याला फोन करून पासवर्ड मागितला. न वाचलेले मेल दोनशेच्या वर. त्यात मागच्या बुधवारचा, दुपारी चार वाजून बारा मिनिटांचा एक मेल. विषय : ‘डायलिसिस केंद्राबाबत प्रतिक्रिया हवी आहे’. सहा प्रश्न, सभ्य भाषेत, क्रमाने. खाली : ‘शुक्रवारी सायंकाळपर्यंत उत्तर मिळाल्यास बातमीत समाविष्ट करता येईल.’ दोनदा लँडलाइनवर फोन केल्याचाही उल्लेख होता. आमचा लँडलाइन शिफ्ट बदलताना वाजला तर कोणी उचलत नाही, हे मला माहीत होतं.

सहापैकी दुसरा प्रश्न हा : ‘ताळेबंदात दिसणारे ३.४२ कोटी रुपये कशासाठी राखून ठेवले आहेत?’

बातमीदाराने विचारलं होतं. उत्तर पाठवायला आम्हाला अर्धं पान लागलं असतं आणि मथळा बदलला असता. मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. मग छापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर ठेवला. वकीलसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि आपला मसुदा स्वतःच फाइलमध्ये परत ठेवला. त्यांच्याबद्दल माझा आदर तेव्हा वाढला. नोटीस पाठवली असती तर हा मेल पहिल्याच उत्तरात आमच्या तोंडावर आला असता.

त्यांनी एक उपयोगाची गोष्ट मात्र सांगितली. प्रेस कौन्सिलकडे तक्रार करायची झाली तर आधी संपादकांना लिहून चूक दाखवून द्यावी लागते, आणि दैनिकाच्या बाबतीत मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने असते. ती तारीख आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवली आणि पत्रात तिचा उल्लेख करायचा नाही असं ठरवलं. पहिल्याच पत्रात ‘अन्यथा’ आलं की ते पत्र संपादकांच्या टेबलावरून कायदा विभागाकडे जातं, तिथून ते वेळेत बाहेर येण्याची शक्यता कमी. पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ असते, प्रकाशक, मुद्रक, आणि बातम्यांच्या निवडीला कायद्याने जबाबदार असलेले संपादक. भिंग घेऊन ते नाव शोधलं. पत्र त्यांच्या नावे लिहायचं, प्रत बातमीदाराला. त्याला वगळून वर तक्रार करतोय असं दिसायला नको होतं.

पत्राआधी मी त्याला फोन केला. आवाज तरुण होता, आणि सावध. मी म्हटलं, “तुमचा बुधवारचा मेल आज सापडला. आमची चूक. उत्तर आता देतोय, पण त्याआधी एक विचारू? साडेतीन कोटी तुम्ही कुठून घेतलेत?”

“तुमच्याच वार्षिक अहवालातून, मॅडम. शेवटचं पान. एकूण ३,४२,००,०००.”

बरोबर होतं त्याचं. त्या पानावर तो आकडा जाड ठशात दोनदा छापलेला आहे, डावीकडे आणि उजवीकडे.

इथे थोडं थांबून सांगते, कारण ट्रस्टबद्दलच्या बातम्या बहुतेक वेळा याच जागी घसरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टचा ताळेबंद ठरावीक नमुन्यात, परिशिष्ट ८ मध्ये करावा लागतो. त्याची बेरीज म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. उजव्या बाजूला ट्रस्टकडे जे जे आहे ते सगळं येतं. आमच्या ३ कोटी ४२ लाखांत ९२ लाख म्हणजे आम्ही बसतो तो मजला, एका कुटुंबाने दिलेला. ६१ लाख म्हणजे मशीन, पाणी शुद्ध करायचा आरओ प्लँट, खुर्च्या-पलंग, घसारा वजा जाता. १३ लाख येणी आणि अनामत. १२ लाख बचत खातं आणि रोख. आणि १ कोटी ६४ लाख बँकेतल्या मुदत ठेवी.

मग तो म्हणू शकतो, आणि फोनवर म्हणालाही, “म्हणजे एक कोटी चौसष्ट लाख तरी आहेतच ना?”

आहेत. पण कोणाचे आणि कशाचे, ते डाव्या बाजूला बघावं लागतं. त्यातले १ कोटी १४ लाख कॉर्पस, म्हणजे कायम निधी : देणगीदाराने देतानाच लिहून दिलेलं असतं की मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याज वापरा. ३८ लाख मशीन बदल निधी, नऊ मशीनपैकी पाच जुनी झालीत आणि गेल्या वेळचं कोटेशन एका मशीनला सात लाखांच्या पुढे होतं. राहिले १२ लाख. त्यात बचत खात्यातले १२ घाला. आम्हाला खरोखर मोकळेपणाने खर्च करता येतात ते २४ लाख, आणि सेंटर चालवायला महिन्याला ९ लाख लागतात. दुकानदारांची १७ लाखांची देणी मी यात धरलेलीच नाहीत.

मी हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “हे अहवालात कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. आकडे होते, पण ते समजून घ्यायला ताळेबंद वाचता यायला हवा. ‘इतर राखीव निधी’ एवढीच ओळ आणि समोर ३८ लाख. कशासाठी राखीव, ते खजिनदारांच्या डोक्यात.

दुसरी चूक तर निव्वळ आमच्या शब्दातून जन्मली होती. बातमीत होतं की ट्रस्ट ४४ टक्के खर्च स्वतःच्या आस्थापनेवर करतो. जमाखर्चाच्या पत्रकात, परिशिष्ट ९ मध्ये, ‘आस्थापना खर्च’ असं शीर्षक असतं आणि ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असं वेगळं. आमचा वर्षाचा खर्च १ कोटी ८ लाख. त्यात आस्थापनेखाली ४७ लाख, म्हणजे हिशेबाने ४४ टक्के, बरोबर. पण त्या ४७ मध्ये ३६ लाख हे टेक्निशियन, नर्स आणि किडनीतज्ज्ञ डॉक्टर यांचा पगार आणि मानधन होतं. जो माणूस सुई लावतो, चार तास रक्तदाबावर नजर ठेवतो, त्याचा पगार उद्दिष्टावरचाच खर्च आहे. पण वीस वर्षांपूर्वी कोणीतरी ‘पगार म्हणजे आस्थापना’ असं धरलं आणि दर वर्षी मागचं पत्रक समोर ठेवून पुढचं होत गेलं. ऑफिस, ऑडिट, टेलिफोन, क्लार्क मिळून खरा कारभाराचा खर्च ११ लाख, म्हणजे १० टक्के. बातमीदाराने आमच्या कागदावरचा आमचाच शब्द घेतला होता. त्याला ‘अज्ञानातून’ वगैरे म्हणणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

तिसरी सगळ्यात नाजूक. ‘सातपैकी चार विश्वस्तांची धर्मादाय कार्यालयात नोंदच नाही.’ अक्षरशः घेतलं तर खरं. नोंदवहीचा उतारा काढला तर त्यात ती चार नावं नाहीत, त्याने उतारा बघितला होता. अर्धी राहिलेली गोष्ट ही, की विश्वस्त बदलले की कलम २२ खाली नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, आणि त्यावर निर्णय झाल्यावर नाव चढतं. चारही नावांचे चेंज रिपोर्ट दाखल आहेत, पोच आमच्याकडे आहे, निर्णय व्हायचा आहे. अध्यक्षांना इथेच थांबायचं होतं. पण चारपैकी एक, दिवंगत विश्वस्तांच्या जागी आलेल्या सदस्याचा, आम्ही चार महिने उशिरा दाखल केला होता, सोबत विलंबमाफीचा अर्ज लावून. मी म्हटलं, पोचपावती जोडणार म्हणजे तिच्यावरची तारीख ते बघणारच. लपवून जोडण्यापेक्षा लिहून जोडू. यावर पाऊण तास गेला. शेवटी खजिनदार पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, “तारखा बँकेत खोडता येत नव्हत्या, इथेही येणार नाहीत,” आणि विषय संपला.

आणखी एक मोह टाळला तो सांगते. बातमीत एका रुग्णाच्या घरच्यांचं नावासकट म्हणणं होतं की पैशांअभावी उपचार मिळाला नाही. आमची फाइल वेगळं सांगत होती. एक विश्वस्त म्हणाले, फाइलची झेरॉक्सच जोडा, तोंडं बंद होतील. पण ती रुग्णाची फाइल आहे, आमची नाही. त्यांनी वर्तमानपत्राकडे जाऊन बोलणं हा त्यांचा निर्णय. त्यावरून त्यांचे रिपोर्ट आणि किती वेळा मोफत झालं याची यादी छापायला देणं हा आमचा हक्क होत नाही. त्या वाक्यापुढे मी शेरा मारला ‘उत्तर नाही’. पत्रात त्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही, आणि त्या बाबतीत बातमी आजही चुकीचीच उभी आहे.

पत्राचा पहिला मसुदा नऊशे शब्दांचा झाला. ट्रस्टचा इतिहास, आजवर झालेली डायलिसिसची संख्या, मान्यवरांच्या भेटी. हे सगळं आपल्याला फार महत्त्वाचं वाटतं. बातमीदाराला मी फोनवरच विचारून ठेवलं होतं, खुलाशाला साधारण किती जागा मिळते. “दोनशे शब्दांच्या आत दिलंत तर काटछाट कमी होईल,” तो म्हणाला. मग कापत गेलो. मथळा पत्रात पुन्हा लिहायचा नाही हेही ठरवलं, कारण खुलासा वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी मूळ बातमी वाचलेलीच नसते, आपणच ती त्यांना पुन्हा वाचून दाखवतो. शेवटी गेलं ते असं :

‘मा. संपादक,

आपल्या ठाणे पुरवणीत (पान २) मंगळवारी आमच्या डायलिसिस केंद्राविषयी वृत्त प्रसिद्ध झाले. केंद्रात २७ रुग्ण प्रतीक्षा यादीत आहेत आणि तिसरी पाळी बंद आहे, हे वृत्तातील म्हणणे बरोबर आहे. आपल्या प्रतिनिधीने आधी पाठवलेल्या प्रश्नांना आमच्याकडून उत्तर गेले नाही, ही आमची चूक आहे. पुढील तीन तपशील मात्र दुरुस्त व्हावेत, ही विनंती.

१. ताळेबंदातील ३ कोटी ४२ लाख ही शिल्लक रोकड नसून इमारत व यंत्रांसह सर्व मालमत्तेची बेरीज आहे. कायम निधी व यंत्र बदल निधी वगळता दैनंदिन खर्चासाठी उपलब्ध रक्कम २४ लाख आहे. केंद्राचा मासिक खर्च ९ लाख आहे.

२. आस्थापना खर्च म्हणून दाखवलेल्या ४७ लाखांपैकी ३६ लाख हे तंत्रज्ञ, परिचारिका व डॉक्टर यांचे वेतन आहे. आमच्या अहवालातील मांडणीमुळे हे स्पष्ट होत नव्हते. कार्यालयीन खर्च ११ लाख, म्हणजे एकूण खर्चाच्या १० टक्के आहे.

३. चार विश्वस्तांची नावे नोंदवहीत अद्याप आलेली नाहीत, हे खरे आहे. चारही बदल अर्ज दाखल असून निर्णय प्रलंबित आहे. त्यांपैकी एक अर्ज आमच्याकडून मुदतीनंतर दाखल झाला.

लेखापरीक्षित पत्रके व अर्जांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद केंद्रात कधीही पाहता येतील.’

खाली माझी सही आणि माझा मोबाइल नंबर, लँडलाइन नव्हे. शुक्रवारी सकाळी मेल केला, दुपारी स्वतः जाऊन कागदी प्रत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. ‘खोडसाळ’, ‘हेतुपुरस्सर’, ‘बदनामी’ यांतला एकही शब्द उरला नव्हता. मी सही करण्याआधी अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे फारच मऊ झालंय.” मी म्हटलं, आकडे आहेत ना, ते मऊ नाहीत.

दुसऱ्या मंगळवारी छापून आलं. पान चार, डावा कोपरा, ‘खुलासा’ असं छोटं शीर्षक. दीडशेपैकी शंभरच्या आसपास शब्द राहिले होते. तिसरा मुद्दा ‘बदल अर्ज दाखल असून निर्णय प्रलंबित’ एवढाच उरला, म्हणजे ज्या वाक्यावर आम्ही पाऊण तास भांडलो ते त्यांनीच कापलं. आणि ‘२४ लाख’चे ‘४२ लाख’ झाले होते.

खजिनदारांचा फोन साडेसहाला आला. त्यांना बोलवेना. मला खरं सांगायचं तर हसू आलं, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही. बातमीदाराला एवढाच मेसेज केला : ‘खुलासा छापल्याबद्दल आभार. मुद्दा १ मध्ये २४ चे ४२ झाले आहेत. पत्राची प्रत पुन्हा जोडत आहे. कागदी अंकात पुन्हा छापणे जमले नाही तरी ऑनलाइन आवृत्तीत मूळ बातमी आणि खुलासा, दोन्हीकडे दुरुस्ती व्हावी.’ मला कागदापेक्षा ते जास्त हवं होतं. कागद दोन दिवसांत रद्दीत जातो, ऑनलाइन बातमी मात्र ट्रस्टचं नाव टाकलं की आजही पहिली वर येते, आणि देणगी देण्याआधी लोक नाव टाकून बघतातच. संध्याकाळपर्यंत मूळ बातमीखाली आमचं पत्र आलं, आकड्यासकट, आणि मजकुरातलं ‘तिजोरीत’ जाऊन ‘ताळेबंदात’ झालं. मथळा तसाच राहिला. त्यासाठी मी पुन्हा लिहिलं नाही. तो मथळा मत होता, आणि रांग खरी होती.

देणगीदारांपैकी अकरा जणांनी फोन करून विचारलं. त्यांना आम्ही तेच पत्र पाठवलं, शब्द न बदलता. एकाने देणगी थांबवली. तिसऱ्या शिफ्टसाठी जाहिरात दिली, सात आठवड्यांनी एक टेक्निशियन मिळाला, म्हणजे अर्धीच शिफ्ट सुरू झाली, पाच मशीनवर. यादी सत्तावीसवरून सोळावर आली आहे. या वर्षीच्या पत्रकात पगार दोन ठिकाणी विभागून दाखवायला सांगितले तेव्हा सीएंच्या ऑफिसमधला मुलगा म्हणाला, “मॅडम, मागच्या वर्षीशी तुलना जुळणार नाही.” खाली टीप द्या म्हटलं. त्याने ती दिली, दोन ओळींची, आणि ताळेबंदाखाली आता एक छोटी चौकट असते : यातलं खर्चायला मोकळं किती.

लेटरहेडवरचा मेल रोज सकाळी अकराला उघडायचा असं ठरवलंय, क्लार्क नसेल तर मी. गेल्या महिन्यात त्याच बातमीदाराचा मेल होता. उन्हाळ्यात पाणीकपातीच्या दिवशी आरओ प्लँट कसा चालवता, दर शिफ्टला किती पाणी लागतं, उद्या दुपारपर्यंत कळवाल का. मी टेक्निशियनकडून आकडे घेतले, एका डायलिसिसला मशीनमधून साधारण १२० लिटर शुद्ध पाणी जातं आणि तेवढं मिळवायला नळाचं पाणी त्याहून बरंच जास्त लागतं, टँकर कधी मागवला त्याच्या तारखा जोडल्या, आणि दोन वाजता पाठवून दिलं.